काल, काळ आणि कुपवाडची नदी

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्या दिवसापासून आमच्या सीमाभागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक भांडण सुरू झालं, ते अजून चालूच आहे. एक बाजू म्हणते, मराठी ही संस्कृतची लेक, बाकी कुणाचं तिच्यावर ऋण नाही. दुसरी बाजू लगेच यादी टाकते: अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता. बघा, कानडीशिवाय तुमचं पानसुद्धा हलत नाही. मग बेळगाव येतं, मग शिव्या येतात, मग अॅडमिन ग्रुप बंद करतो. दोन दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून.

यात मला खटकतं ते असं की दोन्ही बाजू शब्दच मोजत बसतात. शब्द हा भाषेतला सगळ्यात हलका माल. तो बाजारातून येतो, चार दिवस वापरला जातो, जातो. 'तूप' कानडीशी जुळतं म्हणून मराठी कानडी होत नाही आणि 'टेबल' आलं म्हणून ती इंग्रजी होत नाही. खरी देवाणघेवाण झाली ती शब्दांच्या खाली, जिभेच्या हालचालीत आणि वाक्याच्या सांगाड्यात, आणि ती आपल्याला दिसत नाही कारण तिथले शब्द आपलेच आहेत. तिचा जगातला सगळ्यात जास्त उल्लेखला गेलेला पुरावा सांगली-मिरजेला लागून असलेल्या एका गावात मिळाला. त्या गावाकडे येतोच, पण आधी थोडं जिभेबद्दल.

'त' म्हणा. जिभेचं टोक दातांना लागतं. आता 'ट' म्हणा. टोक वर, थोडं मागं वळतं आणि टाळूला लागून सुटतं. ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ यांना आपल्या व्याकरणकारांनी 'मूर्धन्य' म्हटलं, मूर्धा म्हणजे टाळूचा वरचा भाग. आपल्याला हे इतकं सवयीचं आहे की जगभर असंच बोलत असतील असं वाटतं. तसं नाही. फारसी ही संस्कृतची चुलत बहीण, एकाच घराण्यातली, पण तिच्यात मूर्धन्य नाहीत. जुन्या इराणच्या अवेस्तातही नाहीत. युरोपातल्या बहुतेक नातेवाईक भाषांतही नाहीत. म्हणजे हे घराण्याचं लेणं नव्हे.

आता दुसरीकडून बघा. तमिळ, कन्नड, तेलुगू हे वेगळं घराणं, द्राविडी. त्यांच्यात मूर्धन्य मुळापासून आहेत. आपल्या मेळघाटात कोरकू बोलतात, ती तिसऱ्याच घराण्यातली, मुंडा. तिचे लांबचे नातेवाईक पार कंबोडियात, ख्मेर भाषेत. ख्मेरमध्ये ट-ड नाहीत, कोरकूत आहेत. वर हुंझाच्या खोऱ्यात बुरुशास्की नावाची भाषा आहे, जिचं जगात कुणाशीच नातं सिद्ध झालेलं नाही. तिच्यातही मूर्धन्य आहेत. चार वेगवेगळी घराणी आणि जिभेची सवय एक.

याची उलट तपासणीही करता येते, आणि मला ती जास्त पटते. आसामी ही मराठीसारखीच संस्कृत-प्राकृताच्या वाटेनं आलेली. पण तिचा शेजार तिबेटी-ब्रह्मी भाषांचा, जिथं त आणि ट असा भेद नसतो. आसामी लिपीत दोन्ही अक्षरं आजही वेगळी लिहितात, उच्चारात मात्र ती एक झाली आहेत. आणि पश्तो? ती इराणी घराण्यातली, फारसीची जवळची. पण ती आपल्या बाजूच्या हद्दीवर वाढली आणि तिच्यात मूर्धन्य आले. घराणं तेच ठेवून शेजार बदलला की ध्वनी येतात किंवा जातात.

अशा प्रदेशाला भाषाशास्त्रात 'भाषाक्षेत्र' म्हणतात. भारताबद्दल ही गोष्ट ठामपणे मांडली ती मरे एमेनो या अभ्यासकानं. अमेरिकेत बर्कलेला शिकवायचा, पण आयुष्य घातलं ते निलगिरीच्या तोडा-कोता लोकांच्या आणि आपल्या विदर्भातल्या कोलामांच्या भाषेवर. कोलामीवरचं त्याचं पुस्तक १९५५ चं. पुढच्याच वर्षी त्याचा 'भारत: एक भाषाक्षेत्र' या आशयाचा निबंध आला. साल लक्षात घ्या, १९५६. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भाषावार राज्यं झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. इकडं नकाशावर भाषांच्या रेघा ओढल्या जात होत्या आणि तिकडं एक माणूस दाखवत होता की या भाषा रेघांच्या आरपार एकमेकींत मिसळल्या आहेत. निव्वळ योगायोग, पण मला तो नेहमी आठवतो.

आता प्रश्न येतो की संस्कृतात हे मूर्धन्य आले कुठून. इथं जरा सांभाळून बोलायला हवं, कारण "द्रविडांनी दिले" असं एका वाक्यात सांगून टाळ्या घेणारे बरेच आहेत.

ऋग्वेदात मूर्धन्य आहेत. अगदी पहिल्या सूक्तातल्या दुसऱ्या शब्दातच आपला ळ आहे. पण त्यातल्या काहींची वाट घरातूनच निघालेली दिसते. संस्कृतात घरट्याला 'नीड' म्हणतात. लॅटिनमध्ये 'निदुस', इंग्रजीत 'नेस्ट'. इंग्रजीत जो 'स' टिकला तो मूळ शब्दात होताच. संस्कृतात त्या स-सारख्या ध्वनीनं पुढच्या 'द'ला मागं ओढलं, त्याचा 'ड' केला आणि स्वतः नाहीसा झाला. यात शेजाऱ्याची गरज पडली नाही. हान्स हॉक यांच्यासारखे अभ्यासक याच मुद्द्यावर भर देतात. याउलट कायपर या डच पंडितानं आणि एमेनोनं सांगितलं की वाट घरातली असली तरी त्या वाटेनं जाण्याची सवय शेजाऱ्यानं लावली. इराणी शाखेतही अशी परिस्थिती आली होती, पण तिथं ट-ड तयार झाले नाहीत, हे त्यांचं म्हणणं सहज खोडता येत नाही. तिसरं मत आपल्या माधव देशपांडे यांचं, जे मिशिगन विद्यापीठात शिकवत. १९७९ मध्ये त्यांनी असं मांडलं की ऋचा रचल्या गेल्या तेव्हा त्यात मूर्धन्य नसावेत. त्या लिहिलेल्या नव्हत्या, पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आल्या, आणि पाठ करणाऱ्यांची जीभ बदलत गेली तसा उच्चारही बदलला. हा वाद अजून मिटलेला नाही.

जीभ कशी ऐकते याचं एक उदाहरण मात्र आपल्या घरात आहे. इंग्रजांचा 'टी' हा आपला ट नाही आणि त-ही नाही, तो दोन्हींच्या मध्ये, हिरड्यांजवळ उच्चारतात. आपल्या कानात कप्पे दोनच, त आणि ट. मधला माल कुठं टाकायचा? आपण तो टच्या कप्प्यात टाकला: टेबल, टायर, डॉक्टर. इंग्रजांनी आपल्याला ट दिला नाही, आपणच त्यांच्या बोलण्यात तो ऐकला. हजारो वर्षांपूर्वी मूर्धन्य असलेली भाषा बोलणारी माणसं दुसरी भाषा शिकली, तेव्हा त्यांच्या कानानंही काहीसं असंच केलं असेल, असा एक तर्क आहे. मला तो पटतो. पुरावा म्हणून तो पुरेसा नाही, हेही खरं.

मराठीत हे सगळं फार सुंदर दिसतं. 'काल' आणि 'काळ' हे दोन शब्द घ्या. आपण एका ल-ळच्या फरकावर कालचा दिवस आणि सगळा काळ वेगळा करतो. संस्कृतात 'काल' म्हणजे समय, त्यात ल एकटा, दोन स्वरांच्या मध्ये. असा एकटा ल मराठीत ळ झाला: फल-फळ, मूल-मूळ, बाल-बाळ, काल-काळ. आणि कालचा दिवस या अर्थाचा 'काल' आला 'कल्य'पासून. त्याचं प्राकृतात 'कल्ल' झालं, ल दुहेरी. दुहेरी ल मराठीत ल-च राहिला. बिल्व, बेल्ल, बेल. तैल, तेल्ल, तेल. नियम इतका काटेकोर आहे की आजच्या शब्दात ल आहे की ळ यावरून हजार-दीड हजार वर्षांपूर्वी तो एकेरी होता की दुहेरी हे बहुतेक वेळा सांगता येतं.

न-णचंही तसंच. 'पानीय'मध्ये न होता, त्याचं झालं 'पाणी'. 'कर्ण'मध्ये ण होता, त्याचं प्राकृतात 'कण्ण' आणि मराठीत 'कान'. म्हणजे जिथं संस्कृतात न तिथं आपल्याकडे ण, आणि जिथं ण तिथं न. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'आनि', 'पानी', 'लोनी' म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसतात आणि ते 'अशुद्ध' म्हणतात. शुद्ध म्हणजे संस्कृतासारखं असेल तर 'पानी' तिकडं जास्त जवळ आहे. अर्थात त्या पोराच्या घरच्या बोलीनं संस्कृतचा न जपून ठेवलेला नाही, मराठीचा ण झाल्यावर तिथं त्याचा पुन्हा न झालाय. पण हसणाऱ्या मास्तरांना यातलं काहीच माहीत नसतं.

या ळचा आणि कानडीचा संबंध काय? कानडीत 'हल्लि' म्हणजे पाल आणि 'हळ्ळि' म्हणजे गाव. आपल्या सीमेवरच्या अर्ध्या गावांच्या नावात ही हळ्ळी आहे. ल आणि ळ वेगळे ठेवायची हीच सवय मराठीत आहे, हिंदीत नाही, बंगालीत नाही. आणखी एक गंमत, मराठीत ळ किंवा ण यांनी शब्द सुरू होत नाही. मूळ द्राविडीतही मूर्धन्यानं शब्द सुरू होत नव्हता आणि ऋग्वेदात तसे शब्द जवळजवळ नाहीतच. पण लगेच 'ळ कानड्यांनी दिला' असं लिहू नका. ळ गुजरातीत आहे, राजस्थानीत आहे, पंजाबीत आहे, आणि पंजाबच्या शेजारी आज कुणी कानडी किंवा तमिळ नाही. एवढ्या मोठ्या प्रदेशाची सवय एका शेजाऱ्याच्या नावावर मांडता येत नाही. आणि नुसत्या मूर्धन्यावर तर कधीच विसंबू नये. नॉर्वेजियन आणि स्वीडिश भाषांत र-च्या पुढं त आला की ट-सारखा ध्वनी होतो. तिथं कुठला आला द्रविड?

म्हणूनच एमेनोनं एका गोष्टीवर बोट ठेवलं नाही, अनेक गोष्टींची मोळी बांधली. ध्वनी योगायोगानं जुळू शकतो. पण ध्वनीबरोबर वाक्याची रचनाही जुळली, तीही घराण्याबाहेरच्या भाषांत, तर मग योगायोग म्हणणं अवघड होतं. त्या मोळीतल्या दोनच काड्या सांगतो.

आपण म्हणतो "आम्ही निघालो" आणि "आपण निघालो". पहिल्यात ऐकणारा घरीच राहतो, दुसऱ्यात तोही चालू लागतो. संस्कृतात हा भेद नाही, 'वयम्' एकच. हिंदीचा 'हम' एकच. तमिळमध्ये 'नांगळ' आणि 'नाम', तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु' असे दोन. कोरकूतही दोन. गुजरातीत आपल्यासारखेच 'अमे' आणि 'आपणे'. आता 'आपण' हा शब्द कुठून आला? संस्कृतच्या 'आत्मन्'मधून. शब्द शंभर टक्के घरचा. पण तो ज्या कप्प्यात जाऊन बसला तो कप्पा संस्कृतात नव्हताच, आजूबाजूच्या भाषांत होता. व्युत्पत्तीचा कोश उघडला तर तुम्हाला आत्मन् दिसेल, शेजारी दिसणार नाही. ग्रुपवरचं भांडण इथंच फसतं.

दुसरी काडी 'म्हणून'. "पाऊस आला म्हणून गेलो नाही." पाऊस काही म्हणाला नव्हता! 'म्हणणे' या क्रियापदाचं हे रूप, अक्षरशः 'असं म्हणून', पण काम करतं कारण सांगण्याचं. कानडीत 'अंत' किंवा 'एंदु', तेलुगूत 'अनि', तमिळमध्ये 'एन्रु', सगळी 'म्हणणे'चीच रूपं. संस्कृतात 'इति' जवळपास हे काम करतं, पण ते क्रियापद नाही. आणि दख्खनी उर्दू ऐकली आहे ना, मिरजेत, सोलापुरात, हैदराबादेत? "आता बोलके बोला." हे 'बोलके' लखनौच्या माणसाला अडखळवतं. 'बोल' उर्दूचं, 'के' उर्दूचं, आणि वापर सगळा दख्खनचा.

हे घडतं कसं, हे समोरासमोर बघायला मिळालं ते कुपवाडात.

आज कुपवाड म्हटलं की एमआयडीसी आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आठवते. साठ वर्षांपूर्वी ते सुमारे तीन हजार वस्तीचं गाव होतं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी तिथल्या भाषांवर काम केलं आणि १९७१ मध्ये निबंध छापला. जगात जिथं जिथं भाषासंपर्क शिकवतात तिथं हे गाव शिकवलं जातं, पण 'कुपवार' या नावानं. इंग्रजांनी धारवाडचं 'धारवार' केलं तसंच हे. दोन स्वरांमधला आपला ड जीभ नुसती झटकून जातो आणि इंग्रजी कानाला तो र वाटतो. मूर्धन्यांवरच्या निबंधांत दाखला म्हणून येणाऱ्या गावाच्या नावातलाच मूर्धन्य हरवला, आता काय बोलायचं!

गावात कोण काय बोलत होतं? जमीनदार शेतकरी दोन समाजांचे. एक जैन, घरात कानडी. दुसरे मुसलमान, घरात उर्दू. लिंगायत कारागीर, तेही कानडी. दलित आणि इतर भूमिहीन मजूर, मराठी. शिवाय दोर वळणारी काही कुटुंबं, घरात तेलुगू. गावातल्या जवळपास सगळ्या पुरुषांना एकाहून जास्त भाषा येत होत्या आणि रोज लागत होत्या. शेतावर मालक कानडी, मजूर मराठी, बांधाला लागून उर्दू. आणि हे काही एका पिढीचं नव्हतं, शतकांचं होतं.

मग एकच भाषा का उरली नाही? त्यांचं उत्तर असं की घरची भाषा ही कोण कुणाचा याची खूण होती. जैन घरात कानडी सुटली तर जैनपणाचा एक धागा सुटला. म्हणून घरात कुणी भाषा सोडली नाही. बाहेर मात्र सगळ्यांशी बोलायला मराठी चालायची, आणि त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. दोन्ही जमीनदार समाजांपैकी ती कुणाचीच घरची भाषा नव्हती, त्यामुळं ती वापरली तर कुणाचं पारडं वर जात नव्हतं. मराठीचा मोठेपणा इथं कारण नव्हता, तिची तटस्थता होती. ती ज्यांची घरची भाषा होती, त्यांच्याकडे मान नव्हता, हेही त्याच वाक्यात आलं.

आता विचार करा, एका माणसाला दिवसातून वीस वेळा या भाषेतून त्या भाषेत जायचं आहे. शब्द वेगळे ठेवावेच लागतात, तीच तर ओळख. पण वाक्य बांधायची पद्धत तीन वेळा बदलायची गरज काय? ती कुणाच्या डोळ्यावर येत नाही. म्हणून शब्द वेगळे राहिले आणि सांगाडे एकमेकांत विरघळले. त्यांच्या निबंधात पाला कापून आणल्याचं एक वाक्य आहे. कुपवाडचे खास उच्चार बाजूला ठेवून त्याच धर्तीवर नेहमीच्या बोलीत सांगतो:

मराठी: पाला कापून घेऊन आलो.
दख्खनी: पाला काटके लेके आया.
कानडी: सोप्पु कोय्दु तगोंडु बंदे.

एकाखाली एक ठेवून वाचा. प्रत्येक तुकड्याखाली तोच तुकडा. शब्द उचलून दुसरा ठेवला की भाषा बदलली. कुपवाडात हे इतकं पुढं गेलं होतं की दोघा अभ्यासकांच्या मते तिथं व्याकरण एकच उरलं होतं, त्यावर शब्दांचे तीन वेगळे संच.

यात फक्त मराठीनं घेतलं असं नाही, फक्त कानडीनं घेतलं असंही नाही. कानडीत "हे आमचं घर आहे" म्हणताना 'आहे' लागत नाही. 'इदु नम्म मने', हे आमचं घर, संपलं. कुपवाडच्या कानडीत शेवटी 'ऐति' येतं, म्हणजे आपलं 'आहे'. ते मराठी-उर्दूच्या संगतीनं आलं. उलट बाजूनं, कानडीत लिंग अर्थावरून ठरतं: पुरुष तो, बाई ती, बाकी सगळं ते. दगड, नदी, भाकरी, सगळं नपुंसक. मराठीत मात्र नदी स्त्रीलिंगी, डोंगर पुल्लिंगी, का ते विचारू नका. परक्या माणसाला मराठी शिकताना सगळ्यात जास्त घाम इथंच फुटतो. कुपवाडच्या मराठीनं इथं कानडीची वाट धरली होती, "नदी आली" न म्हणता "नदी आलं". आणि उर्दूतही "नदी आया".

"नदी आलं" ऐकलं की आपल्या तोंडावर हसू येतं, कबूल आहे. सीमेवरचा माणूस पुण्यात जाऊन असं बोलला की त्याला 'कानडी हेल' म्हणून बाजूला काढतात. पण ती चूक नव्हे. तो माणूस लिंग विसरलेला नाही, त्यानं एक नियम टाकून दुसरा घेतला आहे आणि तो घोटाळा न करता पाळतो आहे. चूक आणि नियम यातला फरक ओळखायची खूण हीच: चूक इकडंतिकडं होते, नियम सगळीकडं सारखा लागतो.

आणि आता परत वर जा, 'आपण'कडे आणि 'म्हणून'कडे. कुपवाडात शतकांत जे झालं ते सगळ्या दख्खनमध्ये त्याआधीची हजार-दोन हजार वर्षं होत आलं असेल तर? श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मूर्ती कुणी करवली ते कानडी, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलंय. कोरणाऱ्याला ठाऊक होतं की येणारा यात्रेकरू यातली कुठलीही भाषा घेऊन येईल. आपलं 'आपण' संस्कृताच्या मुळाचं आणि शेजाराच्या वळणाचं झालं ते अशाच रस्त्यांवर, बाजारात, बांधावर. त्याची तारीख सांगता येत नाही. कुपवाडमुळं एवढंच कळतं की हे होऊ शकतं, आणि कुणी आपली भाषा न सोडता होऊ शकतं.

कुपवाडच्या निबंधालाही मर्यादा आहेत. एका गावावरून एवढं मोठं विधान करता येतं का, व्याकरणं खरंच इतकी एक झाली होती का, असे प्रश्न नंतर विचारले गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी सुमारे चाळीस वर्षांनी या गावाच्या भाषा पुन्हा तपासल्या आणि 'एक व्याकरण, वेगळे शब्द' हे चित्र तसंच्या तसं स्वीकारलं नाही. मधल्या काळात मराठीचं वजन वाढलं होतं. याचं आश्चर्य वाटायला नको. भाषावार राज्य झालं, शाळा मराठी झाली, सातबारा मराठी, कोर्टकचेरी मराठी. जी भाषा कुणाच्याच बाजूची नाही म्हणून सगळ्यांना चालत होती, ती आता सरकारची झाली. सीमेपलीकडे हेच कानडीच्या बाबतीत झालं, आणि तिकडच्या मराठी माणसाला ते बोचतं. इकडच्या कानडी घराला बोचतं तेव्हा आपल्याला फारसं ऐकू येत नाही, एवढं मी पत्रकार म्हणून वीसेक वर्षं पाहिलंय.

शाळेमुळं आणखी एक होतं. शिक्षक "नदी आलं"खाली लाल रेघ मारतो. मूल मग पुस्तकातली मराठी शिकतं, ते चांगलंच, तिच्याशिवाय पुढं जाता येत नाही. पण आजोबांच्या कानडीतलं 'ऐति' आणि शेजारच्या चाचांचं "नदी आया" यांच्याशी जुळणारा जो सांगाडा त्याच्या डोक्यात होता, तो मोडतो. तीन भाषा अजून गावात असतात, पण एकातून दुसरीत उडी मारायची जागा लांब होत जाते. मग कानडी घरातली पोरं आजीशी कानडीत बोलतात आणि आपसात मराठीत. पुढच्या पिढीत आजीच नसते.

जनगणनेचा प्रगणक दारात आला की मातृभाषा विचारतो, एकच लिहितो, आणि त्याखाली येत असलेल्या आणखी दोन भाषा. कुपवाडच्या एखाद्या जुन्या जैन घरात तो कानडी लिहील, खाली मराठी आणि हिंदी. तीनही नोंदी बरोबर असतील, आणि त्या माणसाचं "नदी आलं" तिन्हींपैकी कुठल्याच रकान्यात नसेल.